सुटलेली पुरवणी

तक्रार लेटरहेडवर आली होती. वर पाच पदं छापलेली, त्यांत 'पालक' हे पद नव्हतं. मजकूर मात्र बापाचाच होता: नववीतल्या मुलीला गणितात ऐंशीपैकी एक्केचाळीस, कारण तिने सरांच्या मेहुण्याचा क्लास सोडला. सरांवर कारवाई करा, नाहीतर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो.

मी मुख्याध्यापिका, त्यामुळे उत्तर मलाच द्यायचं होतं. सर समोर बसले होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.

"बाई, आता जाता जाता हे ऐकायचं?"

"आधी गठ्ठा काढा."

मुलीच्या उत्तरपत्रिकेवर 'पुरवणी: १' असं लिहिलेलं होतं. पुरवणी नव्हती, ती बांधायचा दोरा तेवढा गाठ सुटून लोंबत होता. पर्यवेक्षकांच्या पुरवणी-नोंदीत तिचा बैठक क्रमांक आणि सही होती. सरांचा चेहरा उतरला. आम्ही एकेक उत्तरपत्रिका उलटत गेलो. शेवटी दुसऱ्याच एका मुलीच्या पानांत ती पुरवणी सापडली, सुटी, न तपासलेली.

सरांनी ती माझ्यासमोर तपासली, दुसऱ्या शिक्षिकेने पुन्हा तपासली. चौदा गुण.

मी लिहिलं: "आपल्या पाल्याचे गुण पंचावन्न असे दुरुस्त केले आहेत. पुरवणी नसल्याचे तपासताना लक्षात यायला हवे होते. ही चूक शाळेची असून त्याबद्दल मी दिलगीर आहे. मात्र आकसाचा आरोप मला मान्य नाही. जे पान शिक्षकांनी पाहिलेच नाही, त्यावर ते सूड उगवू शकत नाहीत. हा आरोप आपण लेखी मागे घ्यावा, ही विनंती."

दोऱ्याबद्दल एक वाक्य लिहिलं होतं, ते खोडलं.

दुसऱ्या दिवशी वडील मुलीला घेऊन आले. मी सरांनाही बोलावून घेतलं. वडिलांनी माझं पत्र टेबलावर आपटलं.

"मार्क वाढले म्हणजे मीच बरोबर ना, मॅडम? मग मागे काय घ्यायचं? आणि पुरवणी सुटतेच कशी? दोरा कसला वापरता तुम्ही?"

मी कपाटातलं रीळ त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी दोरा बोटांत फिरवला. गुळगुळीत पॉलिस्टर, गाठ धरतच नाही.

"हा तर... आमच्या कारखान्यातला."

"हो. तुम्ही शाळेला भेट दिलेला. आभाराचं पत्र पाठवलं होतं."

"ऑफिसात फ्रेम करून लावलंय," मुलगी म्हणाली.

"तू गप गं." मग माझ्याकडे न बघता, "ठीकाय. एक साधा कागद द्या."

"आरोप लेटरहेडवर आला होता."

मग त्यांनी बॅग उघडली आणि पाच पदांखाली तीन ओळी लिहिल्या. सरांनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून मला परत दिला आणि ते मुलीकडे वळले.

"पंधरा यायचे होते. शेवटच्या गणितात एकक लिहिलं नाहीस."

"हो सर," ती म्हणाली. बापाने पेनला टोपण लावलं.