पडीक रानातला आवाज

२१ सप्टेंबर. पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं होतं आणि मी टाकी भरत होते. मोटार सुरू, हातात पाइप, ओट्यावर रिकाम्या बादल्यांची रांग. तेवढ्यात मोबाईलवर व्हिडिओ आला. मोटारीच्या घरघरीत काही ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणून मी तो नुसता पाहिला.

दहा-बारा सेकंदांचा होता. संध्याकाळचं ऊन समोरून येत होतं. गुडघाभर गवत, मागे बोरीची झुडपं आणि गवतातून चालणारा एक उंच, काळपट पक्षी. लांब मान. मी पाइप बादलीतच सोडला. बादली भरून वाहायला लागल्यावर भानावर आले.

व्हिडिओ वहिनींनी पाठवला होता. या माझ्या नात्यातल्या वहिनी नव्हेत. माळढोकाच्या अभयारण्याला लागून असलेल्या एका गावात त्यांचं रान आहे. त्यांचे यजमान आम्हा पक्षी मोजणाऱ्यांना माळावर वाट दाखवायचे. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, म्हणून या वहिनी. भाऊंनी आपल्या रानाचा एक तुकडा मुद्दाम पडीक ठेवला होता. माळढोक तिथे चरायला यायचा. पुढे माळढोक यायचा थांबला आणि मग भाऊही गेले. वहिनींनी तुकडा तसाच ठेवला. शेजारपाजारच्या बायका त्यावरून त्यांना बोलायच्या, "पाखरासाठी रान राखलंय, पाखरू कुटं हाय?"

यंदा वहिनींच्या मुलानं ऐकलं नाही. तो चिंचोळी एमआयडीसीत कामाला जातो आणि सुट्टीत शेती बघतो. पाऊस बरा झाला होता, ज्वारीचा पेरा तोंडावर होता. त्यानं ट्रॅक्टर सांगितला होता. वहिनींशी त्याचा एकच करार झाला होता. पक्षी आला असं मी सांगितलं, तर तो तुकडा सोडायचा. नाहीतर नांगरायचा.

मी म्हणजे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी बाई. जिल्ह्यातून कोणाला काही दिसलं की व्हिडिओ माझ्याकडे येतो. बिबट्या म्हणून आलेलं मांजर, गरुड म्हणून आलेली घार, भूत म्हणून आलेलं घुबड. दोन ओळींत उत्तर देते आणि कामाला लागते. घरात मी एकटीच असते, त्यामुळे कोणाला विचारून ठरवायचं नसतं.

टाकी भरली, मोटार बंद केली आणि कानाला हेडफोन लावून बसले.

ऊप-ऊप-ऊप-ऊप. खोल, घुमणारा, एकामागोमाग येणारा आणि शेवटी खाली उतरत जाणारा आवाज. हा भारद्वाज. बोरीत कुठेतरी बसला असणार. माळढोकाचा नर घुमतो तेव्हा एकेकच हुंकार देतो, मध्ये थांबतो, आणि तो आवाज इतका खालचा असतो की मोबाईलमध्ये नीट उतरतही नाही. शिवाय घुमताना तो एका जागी उभा राहतो, गळ्याची पिशवी फुगवतो, शेपूट पाठीवर घेतो. चरत चालणारा माळढोक घुमत नाही. म्हणजे आवाज एकाचा होता आणि चित्र दुसऱ्याचं. आमच्या लोकांची ही नेहमीची चूक. माळावर आधी ऐकायचं आणि मग बघायचं, ही सवय भाऊंनीच सगळ्यांना लावली होती. वहिनींनी आधी ऐकलं, मग वळून बघितलं आणि जे दिसलं त्याला तो आवाज देऊन टाकला.

पण मादी असली तर? मादी गप्पच असते. आता आवाज बाजूला ठेवून फक्त चाल बघायची होती. उजेड समोरून असल्यानं रंग कळत नव्हता. मी व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. माळढोकाचं अंग टेबलासारखं आडवं असतं आणि त्यावर मान काठीसारखी सरळ उभी. चोच जराशी वर. पाऊल सावकाश, मान स्थिर. इथे प्रत्येक पावलाला मान पुढे जात होती, मागे राहत होती. अंग शेपटीकडे उतरतं होतं. शेवटच्या दोन सेकंदांत लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं, तशी तिनं मान वाकवली आणि पळत बोरीत शिरली. माळढोक झुडपात शिरत नाही. त्याला चारी बाजूंनी मोकळं दिसावं लागतं.

लांडोर होती. मी आणखी तीनदा पाहिलं. लांडोरच होती.

वहिनींना मेसेज करून भागणार नव्हतं. फोन केला.

"बघितलंत ताई? त्योच हाय न्हवं?"

"आवाज भारद्वाजाचा आहे वहिनी."

"आन् चालतंय ते?"

"लांडोर."

"लांडोर मला कळत न्हाय व्हय? रोज दारात दाणं खाऊन जातीया."

"मान बघा. पाऊल टाकलं की हलते."

फोनवर बोलता बोलता वहिनींना व्हिडिओ बघता येत नाही. मानेचं सोडून त्या म्हणाल्या, "पोरगं हितंच बसलंय. तुमी व्हय म्हणा, लगेच ट्रॅक्टरवाल्याला नगं म्हणून सांगतंय."

एका शब्दाचं काम होतं. मुलाला लांडोर आणि माळढोक यांतला फरक व्हिडिओत कळला नसता. पण मग वनखात्याला कळवावं लागलं असतं, माणसं आली असती, आठवडाभर माळावर बसली असती, आणि पुढे कधी खरा आला तर वहिनींचं कोणी ऐकलं नसतं. माझंही नाही.

"नाही वहिनी. हो म्हणता येणार नाही."

"बरं." मग, "तुमाला पण वाटलं की न्हाय, पहिल्यांदा?"

"वाटलं."

"मग लई झालं." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी बादल्या आत नेल्या. एकटीसाठी एवढं पाणी का भरते, असं शेजारीण विचारते. पाचव्या दिवशी येतं म्हणून भरते. रात्री भाकरी एकच केली. व्हिडिओ पुसून टाकायला घेतला आणि तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच स्कूटर काढली. मी पोचले तेव्हा ट्रॅक्टर बांधावर उभा होता आणि वहिनी डोक्यावरून पदर घेऊन गवताच्या कडेला. मला बघून त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही. ड्रायव्हरला मी सांगितलं, नांगर मधून सुरू कर आणि बाहेरच्या अंगाला येत जा, म्हणजे गवतातल्या जिवांना पळायला वाट राहील. कडेनं सुरू केलं तर ते मध्ये कोंडतात. तो म्हणाला, "डिझेल जास्त जातंय, म्याडम." वहिनी म्हणाल्या, "जाऊ दे की. आधी आमाला एकदा चालू दे."

मग आम्ही दोघी गणतीच्या वेळी चालतात तशा, एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर, पडीक रानातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. एक ससा उठला. लाव्यांचा थवा भुर्रकन उडाला. बोरीतून भारद्वाज बोलला, तेव्हा वहिनींनी मान वळवली नाही. पलीकडच्या बांधावर पोचल्यावर मी हात वर केला आणि ट्रॅक्टरवाल्याला सुरू कर म्हणून खूण केली.