मी जोरदार केलेला ब्रश

बायकोसोबत शेवटचं साधं काम झालं ते असं, की तिनं माझं तोंड ब्रशानं घासलं.

अकोटात आमच्या पुढच्या खोलीत तिचं ब्युटी पार्लर होतं. मी कापसाच्या जिनिंगमधला फिटर, चौथी शिकलेला. तिचा तोंड साफ करायचा, दोन सेलवर फिरणारा गोल ब्रश जरा दाबला की अडायचा. मला ते पाहवत नव्हतं. मी सेल काढून दुप्पट ताकदीचा अडॅप्टर जोडला. मग कितीही दाबा, थांबायचं नाव नाही.

तिनं मला खुर्चीत बसवलं, फेस लावला अन् ब्रश गालाला टेकवला.

"अवो, हा तोंडाचा हाय का गंज घासाचा?"

"जोर आला ना पण?"

"जोर कोनं मांगतला? थो अडे थेच बरं होतं. माहा हात जड झाला का थांबून जाये. हातानं जे निघते थेच हा काढते, लाली-पावडर अन् चिकट क्रीम तेवढं जरा चांगलं निघते. मिनिटभर, हलका हात. उद्या पयल्यासारखा करून द्या."

देतो म्हटलं. दुपारी जेवता जेवता ती कलंडली, पाणीही मागितलं नाही. माझा गाल पुढे तीन दिवस चुरचुरत होता. लोकांना वाटलं रडून लाल झाला. ब्रशाचं काम राहून गेलं.

तेरवी झाली अन् सुनेनं पार्लर उघडलं. त्या सालांत कापसानं लोकांची अशी गत केली होती की शेतकऱ्याला कोणी पोरगी देईना. नोकरीवाला पाहिजे, अन् नोकरीवाल्याला पोरगी गोरी पाहिजे. हिवरखेडची एक बाई पोरीला घेऊन आली. लग्न पंधरा दिवसांवर.

सुनेनं तोंडावर फिरवायचं एक रबरी यंत्र आणलं होतं, मुठीएवढं. ते ब्रशासारखं गोल फिरत नाही, नुसतं थरथरतं. मिनिट झालं की आपोआप बंद पडतं. सून पुन्हा बटण दाबायची. असं तीनदा. त्यावर दाणेदार स्क्रब अन् माझा ब्रश. एक दिवसाआड. पहिल्या दिवशी पोरीचे गाल ताणून चकाकले, नव्या प्लास्टिकसारखे. पार्लरातल्या सगळ्या म्हणाल्या ग्लो आला. कातडं सोलून निघालं होतं अन् त्याला ग्लो म्हणत होत्या. ब्रश धुवायला मोरीत टाकला होता, तो मी हातात घेतला. केसांच्या बुडाशी करडा चिकट गाळ, वास नासल्या दुधाचा. तोच दुसऱ्या बाईच्या तोंडाला लागणार. तरी मी तो तसाच परत मोरीत ठेवला.

नवव्या दिवशी मायलेकी परत आल्या. पोरीचे गाल लाल, वर काळसर चट्टे. साधं पाणी लागलं तरी तिचे डोळे भरून येत. मी पडद्यामागं खाटेवर होतो.

"इची स्किनच नाजूक हाय, काकू," सून म्हणाली.

"नाजूक कायची? उन्हात हिंडली असन, गधडी," माय म्हणाली. "हे काळं कसं काढाचं थे सांग."

"यंत्र घरी घेऊन जा. सकाळ-संध्याकाळ फिरवा, निघून जाईन."

त्या यंत्र घेऊन गेल्या अन् मी खाटेवरून उठलो नाही. सुनेची किळस आली, पण स्वतःची जास्त. सरकी वेगळी करायच्या जिनात रूळ अन् त्याला टेकलेल्या सुरीत जास्त दाब दिला की रूळ तापतो अन् सरकी फुटते, कापूस काही जास्त निघत नाही. तीस वर्षं हेच काम केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीनं हिवरखेडला गेलो. पोरगी ओट्यावर बसली होती, तोंडाला फेस, हातात ते यंत्र.

"थांब, पोरी," म्हटलं. "बाई, हे घासून निघत नाही. घासल्यानंच आलं. ब्रशाचा जोर मी वाढवला. पोरीची काई चूक नाही."

माय कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमाले बायांचं काय समजते, भाऊ?"

"बायांचं नाही समजत. मशीनचं समजते. घरवालीनं सांगतलं होतं, मी ऐकलं नाही."

तिनं पोरीच्या हातातलं यंत्र काढून घेतलं. मग पोरीला म्हणाली, "धू थे. हातानं."

दोघींना घेऊन मी अकोल्याला कातडीच्या डॉक्टरकडं गेलो. त्यानं यंत्र, स्क्रब, बेसन सगळं बंद केलं. नुसतं पाणी, साधं क्रीम अन् उन्हापासून जपायचं. आग पंधरा दिवसांत जाईल, चट्ट्यांना महिने लागतील.

"अन् लग्न?" मायनं विचारलं.

"लग्न करा ना," तो म्हणाला. "चट्ट्यांसकट दिसेल ती."

परतीच्या बसमध्ये ऊन डाव्या बाजूला येत होतं. तिथं मी बसलो, पोरीला उजवीकडं बसवलं. मायनं खिडकीचा पडदा माझ्याही बाजूनं ओढून दिला.