एक मिनिट चाळीस सेकंद

परीक्षेच्या खोलीत मकबूल मृधांचं काम दोनच गोष्टींचं. दाराबाहेर जाऊन नाव पुकारायचं, आणि आत येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर घड्याळ घेऊन बसायचं. दोन मिनिटं झाली की टेबलावरच्या पितळी घंटीवर एकदा हात मारायचा. बरिशालच्या त्या कॉलेजात, बांगला विभागात, ते सव्वीस वर्षं शिपाई होते. मुलं त्यांना मामा म्हणत. विभागप्रमुख दिलारा मॅडमही मामाच म्हणत, आणि त्या स्वतः विद्यार्थिनी होत्या तेव्हाही म्हणत असत.

दोन मिनिटांचा नियम मॅडमनीच आणलेला. चौथ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत प्रश्न सुरू होण्याआधी प्रत्येकानं नेमलेली कादंबरी दोन मिनिटांत सांगायची. पहिलं मिनिट कथानक, पुढचे चाळीस सेकंद आशय, उरलेले वीस सेकंद स्वतःचं. वर्गात त्या दरवर्षी बजावून सांगत, "प्रसंग मोजत बसू नका. माणसाला काय हवंय आणि काय आडवं येतंय, एवढं सांगा. आशय एका वाक्यात. आणि शेवटी, तुम्हाला कुठं लागलं ते. पुस्तक चांगलं आहे असलं काही नको. पुस्तक चांगलं आहे हे आम्हाला माहीत आहे."

मकबूलमामांनी कादंबरी कधी हातात धरून वाचली नव्हती. पण ती त्यांच्याइतकी कुणालाच पाठ नसेल. कासेम नावाचा नावाडी. त्याची मुलगी शहरात कामाला गेलेली. नदी काठ खाते, तसं कासेमला घर मागं मागं न्यावं लागतं, एकदा, दोनदा, पाच वेळा. प्रत्येक वेळी नव्या घाटावर तो कंदील टांगतो. शेवटच्या पानावर कंदील पेटलेला असतो आणि नावेतून कोण उतरलं ते लेखक सांगत नाही.

ही गोष्ट त्यांना पहिल्यांदा निलुफानं सांगितली, त्यांच्या मुलीनं. याच विभागात शिकत होती. परीक्षेआधी महिनाभर ती रोज संध्याकाळी दाराच्या चौकटीत उभी राहून दोन मिनिटांची तयारी करायची आणि मामा चमच्यानं स्टीलच्या पेल्यावर घंटी वाजवायचे. पहिल्या आठवड्यात तिला पाच मिनिटं लागली. मग एकेक नावाडी, एकेक शेजारी, अख्खं लग्न तिनं काढून टाकलं. एका संध्याकाळी ती मुडीचे कुरमुरे खात खात म्हणाली, "आब्बा, तुम्हाला काय वाटलं या गोष्टीचं?"

मामांनी विचार केला आणि म्हणाले, "घर हललंय हे त्या पोरीला कळणार कसं?"

 दुसऱ्या दिवशी तिच्या कागदावर शेवटचे वीस सेकंद लिहिलेले होते. 'मी ही कादंबरी माझ्या आब्बांना सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, घर हललंय हे त्या पोरीला कळणार कसं? मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी कुठंही गेले तरी मागं वळून घर बघून ठेवते.'

परीक्षेला अकरा दिवस असताना तिला डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी ती गेली. तिच्या नावासमोर हजेरीपत्रकावर लाल रेघ मारायची वेळ आली तेव्हा मॅडमनी ते पत्रक मामांच्या हातात दिलंच नाही, स्वतः बाहेर जाऊन नावं पुकारली.

चाळिसाव्याच्या जेवणाला शिउली नावाची तिची मैत्रीण आली होती. धाकट्या बहिणीसाठी तिनं निलुफाचे कागद मागितले. मामांनी दिले. घरात पडून काय करायचे होते? पुढच्या वर्षी परीक्षेच्या खोलीत, एक मिनिट चाळीस सेकंद झाल्यावर, शिउलीची बहीण म्हणाली, 'मी ही कादंबरी माझ्या आब्बांना सांगितली.' मामांच्या हातातलं घड्याळ निसटता निसटता राहिलं.

कागद फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पोचला होता. पाठ करायचा कागद म्हणून दुकानदार तो ठेवायचा. वरचं नाव दोन-तीन वर्षांत पुसलं गेलं, मजकूर राहिला. मुलं कथानक पाठ करत, आशय पाठ करत, आणि त्याच झोकात स्वतःचं काय वाटलं तेही पाठ करत. कुणाचे वडील शिक्षक, कुणाचे दुबईत, कुणाचे कधीच वारलेले. सगळ्यांच्या वडिलांनी तोच प्रश्न विचारलेला असायचा. आधीचे परीक्षक दुपारपर्यंत पेंगुळलेले असत. दिलारा मॅडमना ते कळत होतं की नाही, मामांनी कधी विचारलं नाही. पण त्या ओळी आल्या की मॅडम खिडकीबाहेर बघत.

आता मामांना आवाज वेगळे ऐकूच येत नसत. मुलगा असो की मुलगी, भोल्याची बोली असो की पटुआखालीची, एक मिनिट चाळीसला निलुफा बोलायची. परीक्षेच्या दिवसांत ते घरी परतले की बायको, सलमा, हातातलं काम न थांबवता विचारायची, "आज कितीदा?" मामा म्हणायचे, "चारदा." किंवा, "सहादा."  वर्षातून ते तीन दिवस घरात एक माणूस जास्त असल्यासारखं वाटे.

यंदाची परीक्षा जुन्या इमारतीतली शेवटची होती. पुढच्या सत्रापासून विभाग मैदानापलीकडच्या नव्या इमारतीत जाणार होता. बाहेरचे परीक्षक म्हणून खुलन्याहून अनिसुर सर आले होते. तरुण होते, पेंगणारे नव्हते, प्रत्येक मुलाकडे बघून ऐकत होते.

सकाळी पहिल्या मुलाच्या वडिलांनी प्रश्न विचारला. सरांनी मान डोलावली. तिसऱ्या मुलीच्या वडिलांनी विचारला तेव्हा त्यांनी चष्मा काढला. पाचवा, रकिब, ऐटीत तेच म्हणाला, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "बरिशालमधले सगळे बाप एकाच शाळेत गेले होते का रे?"

 वडिलांनी नक्की कधी विचारलं, सरांनी खोदून विचारलं. रकिब म्हणाला, जेवताना. काय जेवताना? इलिश मासा, सर. मग रकिबनं कबूल केलं की वडील चितगावला असतात आणि फोनवर फक्त पैसे पोचले का एवढंच विचारतात.

तो गेल्यावर सर दिलारा मॅडमना म्हणाले, "बाकीचं पाठ केलं तर मी समजू शकतो. पण दुसऱ्याचं दुःख पाठ करायचं? यापुढे जो हे बोलेल त्याला मी या भागाचे गुण देणार नाही, आणि पुढचे प्रश्नही कडक विचारणार." मग स्टुलाकडे वळून म्हणाले, "मामा, बाहेर यातलं काही बोलायचं नाही."

"सव्वीस वर्षांत बोललो नाही, सर," मामा म्हणाले. ते खरंच होतं. आतला एक प्रश्नही त्यांच्या तोंडून कधी बाहेर गेला नव्हता.

ते यादी घेऊन व्हरांड्यात आले. पुढचं नाव मौसुमी हालदार. निळ्या सुती साडीतली, आईचीच असावी, खांद्यावर चार पिना लावलेली मुलगी भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होती. मामा जवळ गेले. ती म्हणत होती, 'मी ही कादंबरी माझ्या बाबांना सांगितली.' आब्बाचं बाबा, एवढा एकच शब्द तिनं बदलला होता.

मामा तिथंच थांबले. न बोलले तर ही मुलगी आत जाईल आणि निलुफा आणखी एकदा बोलेल, बहुधा शेवटची. नंतर सर या पोरीची सालटी काढतील. बोलले तर निलुफा गप्प होईल. आणि एवढ्या एका वेळेपुरती नाही. बातमी तासाभरात व्हरांडाभर होईल, झेरॉक्सवाला कागद फेकून देईल.

मौसुमीनं वळून पाहिलं. "माझं नाव घेतलंत का, मामा?"

"घेणार आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "शेवटचं ते बाबांचं बोलू नकोस."

"का? तेच तर सगळ्यात छान आहे. बाकीचं मला नीट येतही नाही."

"तुझ्या बाबांनी विचारलं नाही ते."

"मग काय झालं? कुणाच्याच बाबांनी विचारलेलं नाही, मामा. कागदात आहे."

"मी विचारलं होतं," मामा म्हणाले.

 मौसुमीनं हातातला घडी घातलेला कागद उघडला, वरच्या कोऱ्या कोपऱ्याकडे पाहिलं, जिथं कधी काळी नाव होतं, आणि हळूच विचारलं, "लिहिलं कुणी?"

"माझ्या मुलीनं. चल, तुझं नाव पुकारतो."

आत गेल्यावर मौसुमीनं नमस्कार केला, बसली आणि सुरू झाली. कासेमला मुलगी परत यायला हवी आहे आणि नदी त्याला एका जागी राहू देत नाही, इथून. साठ सेकंदांत पाच घरं हलली, फालतू एक शब्द नाही. ज्याच्या पायाखालची जमीन जाते त्याला वाट पाहणं हीच जमीन, असा आशय तिनं सांगितला. तोही कागदातलाच. मामांचे डोळे काट्यावर होते. एक मिनिट अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

खोली शांत झाली.

मामांनी डोळे मिटले. कान तसेच टवकारलेले राहिले. पंखा फिरत होता. पाच सेकंद गेले, सात गेले.

"आणि तुम्हाला?" सरांनी विचारलं.

"सर, माझे बाबा कुवेतला आहेत," मौसुमी म्हणाली. तिचा आवाज आता पाठ केलेल्यासारखा नव्हता, अडखळत होता. "ते गेले तेव्हा आम्ही नदीकाठी राहायचो. आता शहरात भाड्यानं राहतो. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाले, मला स्वप्न पडतं, मी घरी येतो आणि घाटावरनं रस्ताच सापडत नाही. मी हसले. त्यांना नवं घर मी फोनवर दाखवलंय, पण स्वप्नात ते जुन्याच घाटावर उतरतात. कादंबरीत मुलगी हरवते असं सगळे म्हणतात. मला वाटलं, कासेमच हरवलाय. तो रोज सांगतोय, मी इथं आहे."

दोन मिनिटं होऊन गेली होती. अडीचही होत आली. दिलारा मॅडमनी कोपऱ्याकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं.

"मामा, घंटी?"

"झाली, सर," मामा म्हणाले आणि वाजवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा उशिरा. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मौसुमीला म्हणाले, "बसा निवांत. आता तुमच्या कासेमबद्दल बोलू."

त्यानंतर त्या दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत ती वाक्यं कुणीच बोललं नाही. एक जण आजीबद्दल बोलला, एकीला कादंबरी आवडलीच नव्हती आणि तिनं तसं सांगितलं. मामा घंटी वेळेवर वाजवत राहिले. तरी एक मिनिट चाळीस झालं की ते कान टवकारायचे.

पहिल्या संध्याकाळी सलमा मासे साफ करत होती. "आज कितीदा?"

"तीनदा," मामा म्हणाले. "आता नाही."

तिनं सुरी खाली ठेवली.  थोड्या वेळानं पुन्हा उचलली.

शेवटच्या दिवशी परीक्षक गेले. मामांनी खुर्च्या एकावर एक रचल्या, घंटी कपाटातल्या सामानात बांधली, दाराला कुलूप घातलं. मैदान ओलांडून ते नव्या इमारतीत गेले, जिना चढले, खोल्या मोजल्या आणि परत आले. खिशातून खडूचा तुकडा काढून जुन्या दारावर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, त्यांनी सावकाश लिहिलं: बांगला विभाग मैदानापलीकडे, पहिला मजला, डावीकडून तिसरी खोली.

खाली 'विद्यार्थ्यांसाठी' असं लिहायचं असतं. ते त्यांनी लिहिलं नाही. खडू खिशात ठेवला, चार पावलं गेले आणि वळून अक्षरं लांबून वाचता येतात का ते पाहिलं.