आईचा होकार

आई एखाद्या वाक्याला ‘हो’ म्हणते तेव्हा ती नेमकं कशाला हो म्हणते? वाक्याला, विचारणारीला, की समोर कुणी बसलं आहे एवढ्याच गोष्टीला? या प्रश्नाचं उत्तर प्रस्तुत लेखकाकडे नाही, आणि जिच्याविषयी हे लिहायचं आहे तिच्याकडेही ते कधी नव्हतं.

विभागात तिला सगळे रकानेताई म्हणत. भाषाशास्त्र विभागाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावरच्या खोलीत ती बसे. जगभरच्या भाषांची व्याकरणं वाचायची आणि एका मोठ्या तक्त्यात प्रत्येक भाषेची एक ओळ भरायची, एवढंच तिचं काम. नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची. ‘यंदाही आहात ना?’ असं शिपाई दर जूनमध्ये विचारी, आणि ती ‘अजून तरी’ म्हणे.

तक्त्यातला प्रश्न साधा होता. नामाला चिकटून त्याची ओळख सांगणारं वाक्य प्रत्येक भाषेत कसं घडतं, आणि ते नाम त्या वाक्यात कुठल्या जागी असलेलं चालतं? आपल्या मराठीला या बाबतीत काही कमी नाही. जो मुलगा आला, ज्याला मी पाहिलं, ज्याला पुस्तक दिलं, ज्या सुरीने कापलं, ज्याचं घर जळलं, ज्याच्यापेक्षा मी उंच आहे. ‘जो’ला कुठलीच जागा वर्ज्य नाही. सगळ्या भाषांचं असं नसतं. काही भाषा पहिल्याच पायरीवर थांबतात, म्हणजे नाम आतल्या वाक्याचा कर्ता असेल तरच चालतं. काही कर्मापर्यंत जातात, काही त्याहून पुढे. मात्र एक शिस्त जवळपास सगळीकडे दिसते: कर्ता, कर्म, ज्याला द्यायचं तो, साधन किंवा स्थळ, मालक, तुलना, या क्रमाने वाक्य घडवण्याची एकच रीत जिथवर पोचते तिथवर मधली पायरी गाळत नाही. रकानेताईचे सहा रकाने म्हणजे या सहा पायऱ्या.

तिच्या आईची भाषा कुठल्याच पुस्तकात नव्हती. माहेरचं गाव उठल्यावर ती बोलणारे चहूकडे पांगले, त्यांच्या मुलांनी शाळेची भाषा धरली, आणि मावशी गेल्यावर आईला त्या भाषेत हाक मारणारंही कुणी उरलं नाही. लेकीला कानावर पडून समजे, बोलता मात्र येत नसे. म्हणून २००६च्या उन्हाळ्यात ती रेकॉर्डर घेऊन भावाच्या घरी गेली.

आई तेव्हाही शिवणकाम करायची. मशीनवर झाकण घालून त्यावर रेकॉर्डर ठेवला, आणि आईने चष्मा पुसून लेकीकडे असं पाहिलं की जणू परीक्षा लेकीचीच होती. पहिली पायरी सुरळीत गेली. दुसरीसाठी लेकीने शब्दाला शब्द जोडून ‘आईने फोडलेलं भांडं’ असं म्हणून पाहिलं. आई हातातली सुई खाली ठेवून हसत सुटली.

“अगं बये, भांड्याने आईला फोडलं?”

त्या भाषेत असं म्हटलं की फोडणारं भांडंच ठरे. नाम कर्त्याच्याच जागी ऐकू येई. आईने नीट करून दाखवलं: आधी क्रियापद फिरवायचं, भांड्याला कर्त्याच्या जागी आणायचं, ‘आईकडून फोडलं गेलेलं’ अशा घाटाचं काहीतरी करायचं, मग ते भांड्याला जोडायचं. दुसऱ्या रकान्यात लेकीने ‘नाही’ लिहिलं. पुढचं विचारायच्या आधी भाऊ कामावरून आला, जेवणाची वेळ झाली. मग तिची नेमणुकीची धावपळ, सासूचं आजारपण, विभागाची इतर भाषांची घाई. उरलेल्या चार पायऱ्या राहिल्या त्या २००९ पर्यंत.

त्या वर्षी ती ओळीने चार रविवार गेली. आईने साधनाला हो म्हटलं, मालकाला हो म्हटलं, तुलनेलाही हो म्हटलं. ‘ज्याला द्यायचं’ त्यापाशी ती जरा घुटमळली, आणि लेकीने ‘नाही’ लिहिलं. ओळ पूर्ण झाली: हो, नाही, नाही, हो, हो, हो. पायऱ्या गाळून उडी मारणारी भाषा! विभागप्रमुखांनी तक्ता दोनदा वाचला आणि दार लोटून घेतलं. असा अपवाद सप्रमाण मांडला तर दूरदूरचे लोक वाचतील, लेखावर तुमचं नाव पहिलं असेल आणि कायम नेमणुकीचं मी बोलतो, असं ते म्हणाले. जिना उतरताना रकानेताईचे पाय जमिनीला लागत नव्हते.

पण प्रत्येक नोंदीला तारीख घालायची सवय वाईट. ओळीशेजारी तारखा लिहिताना तिचा हात थबकला. पहिले दोन रकाने एका आईचे होते, उरलेले चार दुसरीचे. मधल्या तीन वर्षांत आईने शिवण सोडलं होतं, आणि वहिनी म्हणत होती की त्या हल्ली सगळ्यालाच मान डोलावतात.

पुढच्या रविवारी ती कारण न सांगता गेली. दारातच भाऊ म्हणाला, “तुझ्या वाक्यांचा दिवस म्हटला की सकाळपासून केस विंचरून बसते ती. आमच्यासाठी नाही बसत कधी.” आई खिडकीशी बसली होती. मशीनवर आता घड्या घातलेल्या चादरी होत्या.

लेकीने तेच जुनं वाक्य म्हटलं. ‘आईने फोडलेलं भांडं’, ज्यात भांडंच आईला फोडे. आता हसेल, आता ‘अगं बये’ म्हणेल, म्हणून ती कानात प्राण आणून बसली.

“हो,” आई म्हणाली.

तिने शब्दांचा क्रम उलटापालटा केला. हो. तिने भाषेत नसलेलाच एक शब्द मध्ये घातला. आईने क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिथे काय हवं आहे ते शोधल्यासारखं, आणि हो म्हणाली.

“आई, नीट ऐक ना. असं बोलतात का आपल्यात?”

“तू विचारतेस म्हणजे बोलत असतील.” मग लेकीच्या हातावर हात ठेवून, “अजून विचार. घाई आहे का तुला?”

घाई नव्हती. तिने संध्याकाळपर्यंत विचारलं. रेकॉर्डर बंद होता.

विभागप्रमुखांना तिने सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. बराच वेळ पेन्सिल फिरवून त्यांनी मार्ग काढला: २००६ची साक्ष पक्की आहे ना? मग कर्माला ‘नाही’ असेल तर पुढे सगळीकडे ‘नाही’च येणार. नियमच सांगतो, भरून टाका.

“नियम खरा की नाही हे बघायला तक्ता आहे ना, सर? मग नियमाला विचारून तक्ता कसा भरू?”

सरांनी पेन्सिल ठेवली. त्यांचं म्हणणं चूक होतं हे त्यांनाही कळलं होतं, आणि तिचं बरोबर असून उपयोग नव्हता हे तिला. विचारायला जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं. आईची तीन वर्षांपूर्वीची जीभ हवी होती, आणि तेव्हा जेवणाची वेळ झाली होती.

लेख लिहिलाच गेला नाही. जूनमध्ये शिपायाने विचारलं, तिने ‘अजून तरी’ म्हटलं. रविवारी ती जात राहिली, वाक्यं घेऊनच, कारण वाक्यांशिवाय गेली की आईला ती नीट ओळखू येत नसे.

२०१४ साली तक्त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्या भाषेच्या ओळीत पहिल्या रकान्यात ‘हो’ आहे, दुसऱ्यात ‘नाही’, आणि पुढचे चार कोरे आहेत.