‘आले तर’

ऑफिसात तिला सगळे ‘जैसे थे’ म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला माहीत आहे. चोपन्न वर्षांची बाई, आयुष्याची वीस वर्षं छापखान्यात वेळापत्रकांची प्रुफं तपासण्यात गेलेली. आता आमच्याकडे साइटवरून येणारे घाईघाईचे मेसेज नीट करून ग्राहकाला पाठवते. नवरा तिचा सांगतो, “पाचला येतो म्हणून पाच वीसला आलो तर ही विचारते, कुठल्या पाचला?”

मी तिचा साहेब. वयाने लहान आणि डोक्याने तापट. तिचा संथपणा माझ्या डोक्यात जायचा.

ती आधी मेसेजला हात लावतच नाही. कागदावर तीन रकाने पाडते: तारखा, आकडे आणि कोणी काय कबूल केलं ते. मग भाषा सुधारते आणि शेवटी एकेका नोंदीवर टिक करत सगळं मूळ मेसेजशी ताडून पाहते. मेसेजात ‘उद्या’ असेल तर तो कुठल्या दिवशी आला ते बघून तारीख घालते. ‘माल आला नाही, बोंबलतोय सकाळपासून’ याचं ‘पुरवठादाराने आज माल दिलेला नाही, पुढची तारीख कळवलेली नाही’ असं करते. बोंबलणं गेलं तरी चालतं, पण न दिलेली तारीख ती स्वतःच्या मनाने घालत नाही.

त्या गुरुवारी ती दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. पाच वाजता हॉस्पिटलला अहवाल जायचा होता. आमचं काम म्हणजे त्यांचा डायलिसिस विभाग नव्या इमारतीत हलवणं. नऊ मेसेज पडले होते. म्हटलं, त्यात काय एवढं, आणि मीच बसलो. अर्ध्या तासात झक्कास अहवाल तयार केला आणि स्वतःवर खूश झालो.

साडेचारला ती गाल धरून आली. माझा कागद आणि मूळ मेसेज शेजारी ठेवून वाचायला लागली. नव्या जागेत प्रत्येक मशिनला पाण्याचा एक पॉइंट लागतो; त्याबद्दल प्लंबरचा मेसेज असा होता: ‘१४ पैकी ११ पॉइंट ओके, तपासून झाले. बाकी ३ चे व्हॉल्व्ह १९ ला आले तर जोडून तपासून सोमवारी २५ ला देतो.’

मी लिहिलं होतं: ‘सर्व १४ पॉइंट सोमवार, २४ तारखेपर्यंत ताब्यात देण्यात येतील.’

“सोमवारी २४ आहे,” मी म्हणालो. “त्याची चूक होती, मी सुधारली.”

“तारीख चुकली की वार, ते तुम्हाला कसं कळलं?”

तिने प्लंबरला फोन लावला. तो म्हणाला, “ताई, तारीख बरोबर आहे. वार चुकला. मंगळवार.”

मी ‘सोमवार, २४’ खोडून ‘मंगळवार, २५’ केलं. मग ती म्हणाली, “आणि ‘आले तर’ कुठे गेलं?”

“अहो, हॉस्पिटलला असं कच्चं लिहायचं? आपली लाज जाईल.”

“भाषा तुमची, साहेब. शब्द त्याने दिलाय. त्याने अट घालून दिलाय, तुम्ही बिनअटीचा करून टाकलात.”

मी जाम चिडलो. पण पाच वाजत आले होते. तिने लिहिलं: ‘१४ पैकी ११ पॉइंट तपासून तयार आहेत. उर्वरित ३ चे व्हॉल्व्ह बुधवार, १९ तारखेला मिळाल्यास ते मंगळवार, २५ तारखेला ताब्यात देऊ. व्हॉल्व्हच्या तारखेची पुरवठादाराकडून खात्री झालेली नाही.’ वाचायला मात्र चांगलं झालं होतं, हे कबूल करायला हवं.

व्हॉल्व्ह १९ ला आले नाहीत. शुक्रवारी, २१ ला आले आणि काम २७ वर गेलं.

सोमवारी, २४ ला सकाळी हॉस्पिटलच्या सिस्टरचा फोन आला. 

“तुम्ही ते ‘मिळाल्यास’ लिहिलं होतंत ना,” त्या म्हणाल्या, “म्हणून जुन्या खोलीतली तीन मशिनं आम्ही चालू ठेवली. नाहीतर काल रविवारीच तिथली वीज आणि पाणी तोडणार होतो. आज सकाळी पेशंट दारात आले असते, त्यांना मी कुठे बसवलं असतं? ज्याने लिहिलं त्याला सांगा.”

मी फोन ठेवला. अंगातला ताठा उतरला आणि इतकं हलकं वाटलं की काय सांगू. माझा झक्कास अहवाल गेला असता तर? मी उठून तिच्या टेबलाशी गेलो आणि सगळं सांगितलं.

“सुटलो बाई तुमच्यामुळे,” मी म्हणालो. “आठ-दहा माणसांचे हाल टळले.”

तिने पेन उचललं. “आठ की दहा?”

तीन मशिनं, दिवसाच्या तीन पाळ्या. मी बोटांवर मोजलं.

“नऊ,” मी म्हणालो. “रोजचे नऊ.”

“मग नऊ म्हणा,” ती म्हणाली, आणि हसली.