मुतारीसमोरची ड्यूटी

सोनवणे सर गेल्याचं मला भाजीवाल्याकडं कळलं. आष्टीकडचा एक जुना सहकारी भेटला आणि मेथी निवडता निवडता म्हणाला, "आपले गणितवाले गेले, मॅडम." त्याला आता दीड महिना झाला. तेव्हा रडू आलं नाही, आजही येत नाही. राग मात्र येतो, आणि तो सरांवरही येतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमची शाळा खाजगी अनुदानित होती. दिवाळी झाली की निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर जात आणि उन्हाळ्यात परतत. हजेरीपटावर मात्र ती रोज हजर असत, कारण पट घसरला तर तुकडी बंद, आणि तुकडी बंद झाली की एक शिक्षक अतिरिक्त. सर आठवी ब चे वर्गशिक्षक. त्यांनी त्या पोरांपुढं गैरहजर लिहिलं, आणि या पोरांसाठी गावात वसतिगृह मागा, असं भर सभेत म्हणाले. मुख्याध्यापकांनी समजुतीच्या सुरात विचारलं, "सर, काहून उगं आडवं लावता?" सर म्हणाले, "गैरहजर लिवलं तर कुनी तरी इचारंल, पोरं कुठं हायेत म्हनून. हजर लिवलं तर कोन इचारनार?"

नोकरीत सगळ्यांत नवी मीच. अतिरिक्त ठरायची पाळी माझीच होती. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्यासंगं शिक्षणाधिकाऱ्याकडं मी येतो. पण पोरांला हजर लिवायचं मला सांगू नका." मला उत्तर पटलं नाही, तरी त्यांच्याबरोबर चहा घ्यायचं मी सोडलं नाही. बाकीच्यांनी सोडलं.

कायम शिक्षकाला काढायचं म्हणजे चौकशी, सुनावणी, वर न्यायाधिकरण. एवढी दगदग संस्था कशाला करेल? तिच्या हाती वेळापत्रक होतं. आठवड्याभरात नवं लागलं. सरांचं वर्गशिक्षकपद गेलं, दहावीचं गणित गेलं. पहिला तास पाचवीला कार्यानुभव, शेवटचा तास पाचवीलाच खेळ, म्हणजे उशिरा येणं नाही की लवकर जाणं नाही. मधल्या वेळात कुणी रजेवर असेल तर त्याचा वर्ग गप्प बसवायचा, शिकवायचं नाही. कुणी रजेवर नसेल तर 'शिस्त', म्हणजे मुलांच्या मुतारीसमोर उभं राहायचं. त्यांनी लेखी आदेश मागितला. "वेळापत्रक हाच आदेश," असं उत्तर मिळालं. शिक्षणाधिकारी कार्यालयातही तेच, तासिका वाटणं हा मुख्याध्यापकांचा अधिकार. एकदा उन्हाचे ते लिंबाखाली सरकले, तर 'नेमून दिलेली जागा सोडली' म्हणून मेमो आला.

खरी मेख पुढं होती. दहावी नाही म्हणून निकाल नाही, निकाल नाही म्हणून गोपनीय अहवालात शेरा 'अध्यापन साधारण', आणि साधारण शिक्षकाला पर्यवेक्षक कसं करायचं? ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला केलं. कागदावर सगळं नियमात बसलेलं होतं. ज्यांना सरांनी समीकरणं शिकवली ती दहावीची पोरं चेन ओढत त्यांच्यासमोरून जात, आधी खाली बघून, पुढं पुढं हसत. सर चिडके झाले. पाचवीतल्या एकाला त्यांनी उगाच थोबाडीत मारली आणि दिवसभर जेवले नाहीत. एकदा मला म्हणाले, "मॅडम, हात नुसते लोंबकळतेत. मला गणित इसरायला लागलंय..."

संस्थेच्या अध्यक्षांनी निरोप धाडला होता, आठवी ब परत घ्या, हजेरी पूर्ववत लिहा, उद्यापासून दहावीही तुमची. सरांनी ऐकलं नाही. त्यांच्या जागी जो वर्गशिक्षक आला त्यानं सगळी पोरं हजर केली. तुकडी टिकली, माझी नोकरीही टिकली. वसतिगृह झालं नाही. सर निवृत्त होईपर्यंत त्यांना दहावी मिळाली नाही. एक सही करून टाकली असती तर काय बिघडलं असतं, हा माझा राग आहे, आणि तो रास्त नाही हेही मला कळतं.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेले. ओसरीच्या भिंतीवर हातभर काळा रंग दिलेला, त्यावर वर्गसमीकरण, अर्धं सोडवलेलं. चौथी शिकलेल्या वहिनी चहा ठेवून माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "दहावी काढून घेतली ना, त्या साली सुरू केलं यांनी. रोज शाळंतून आले की मला समोर बसवायचे, पार दहावीचं शिकवायचे. मग निवृत्त झाल्यावरबी तसंच. झालं की इचारायचे, समजलं का?"

"समजायचं तुम्हाला?"

"हळूहळू समजाया लागलं की. पन न्हाई म्हनलं की परत पहिल्यापासून सांगायचे, लई खुशीत. म्हनून मी रोज न्हाईच म्हनायची."