डिगाची शेवटची पाटी आणि पाणंदीतली चंद्री

त्या रविवारी सकाळी मी डिगाला नापास केलं.

डिगा म्हणजे माझा धाकटा भाऊ दिगंबर. हायस्कूलात एकतीस वर्षं लॅबचा शिपाई. काचेची भांडी धुणं, कुलूप लावणं, हे त्याचं कागदावरचं काम. खरं काम डिसेंबरात सुरू व्हायचं. विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की मास्तर पुस्तक हातात द्यायचे आणि डिगा त्याचं चालतं मॉडेल करून दाखवायचा. पोरं त्याला डिगूमामा म्हणायची. मास्तर लोकबी मामाच म्हणायचे, काम असलं की.

माझे मालक गेल्यावर मी डिगाकडंच राहिले. त्यानं लगीन केलं न्हाई. म्हणायचा, लॅबमधल्या सांगाड्याशी ठरलंय. माझी शाळा चौथीपर्यंत. वाचता येतं, पण बोट धरून. आणि डिगाला तेवढंच पाहिजे होतं. मॉडेलची पाटी लिहिली की तो माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा. मी कुठं अडखळले, कुठं "म्हंजे रं?" म्हटलं, की पेन्सिलनं तिथं फुली. परत लिहायचा. उजेडाच्या डब्याची पाटी, ते भोक पाडलेल्या खोक्यात चित्र उलटं पडतं ना, ती त्यानं माझ्यापायी चारदा लिहिली.

तर त्या रविवारी सकाळी आमच्या न्हाणीत मॉडेल मांडलेलं. न्हाणीत का, तर अंधार हाय आणि पाणी जायला मोरी हाय. मला अकरापर्यंत आंघोळ न्हाई. बाहेरून ओरडले तर आतनं डिगा म्हणतो, "अक्का, विज्ञानासाठी एक दिवस पारोशी ऱ्हा की."

आत त्याच्यासंगं दहावीची तस्लीम मुजावर. मॉडेल तिचं. पुस्तकातलं नाव मोठं होतं, पूर्ण आंतरिक परावर्तन. डिगाची रीत अशी की आधी पुस्तक उघडायचं आणि पेन्सिलनं एकाच वाक्याखाली रेघ मारायची. मग पोराला विचारायचं, ह्यातलं डोळ्यांनी काय दिसणार? जे दिसणार न्हाई ते पाटीवर आणायचं न्हाई. मग चौकटीच्या कागदावर चित्र, मापासकट. मगच हातोडी. तस्लीमनं पहिल्या दिवशी सहा गोष्टी सांगितल्या, डिगानं पाच खोडल्या. राहिली एक. पाण्याच्या धारेतून उजेड न्यायचा.

मांडणी सांगते. तेलाचा चौकोनी पारदर्शक कॅन, पाच लिटरचा. एका बाजूला खाली बारकं भोक. पहिलं भोक तस्लीमनं खिळा तापवून पाडलं तर धार फाटून उडायला लागली, माझी साडीच भिजली. डिगानं दुसऱ्या कॅनला ड्रिलनं भोक पाडलं, पॉलिश पेपरनं कड गुळगुळीत केली, मग धार काचेच्या नळीसारखी आली. भोकाच्या बरोबर समोर, पलीकडच्या बाजूला, त्याच उंचीवर जत्रेतला लाल लेझर बांधला. पाण्यात दोन थेंब दूध, म्हंजे उजेडाची रेघ दिसती. दार लावलं, लेझर लावला, बूच काढलं. पाण्याची धार कमान करून खाली बादलीत पडली आणि लाल उजेड तिच्यासंगं कमानीत उतरला. तस्लीमनं धारेखाली हात धरला तर तळव्यावर लाल ठिपका. मी दारातनं बघितलं. खरं सांगते, आंघोळ विसरले.

एक अडचण होती. पाणी कमी झालं की धार कॅनच्या पायाशीच गळायची, ठिपका नाहीसा व्हायचा. डिगानं काय केलं, शेजारच्या बारवाडकरांच्या कोंबड्यांचं पाणी प्यायचं भांडं बघून आला. दोन लिटरची बाटली भरून कॅनमध्ये उलटी धरली, तोंड पाण्यात बुडेल एवढी. पाणी बाटलीच्या तोंडाखाली उतरलं की वर एक बुडबुडा जातो आणि तेवढंच पाणी खाली येतं. पातळी हलत न्हाई. दीड मिनिट धार एकसारखी. म्हणाला, "परीक्षक एका मॉडेलपाशी दीड मिनिटाच्या वर थांबत न्हाई, अक्का. कोंबड्या तरी थांबतात."

मग पाटी आली माझ्याकडं. मी चुलीपुढं बसून बोट धरून वाचली. "प्रकाश पाण्याबरोबर वाकतो." मी बोट तिथंच ठेवलं.

म्हटलं, "डिगा, उजेडाच्या डब्यावर तूच लिवलंस ना, उजेड सरळ जातो? चार वेळा वाचायला लावलंस मला."

"व्हय."

"मग हितं वाकला कसा? पाण्याला बघून लाजला?"

तस्लीम हसली. डिगा हसला न्हाई. खरं म्हंजे ते वाक्य त्याचं न्हवतंच. विज्ञानाच्या मुळीक मॅडमनी प्रदर्शनाच्या प्रवेशाच्या फॉर्मवर मॉडेलचं नावच तसं भरून पाठवलं होतं आणि ह्यानं घाईत तेच उतरवलं. त्यानं पेन्सिल घेतली आणि "वाकतो"वर मोठी फुली मारली. म्हणाला, "एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाटीवर खोटं आलं असतं. अक्का, आज नापास केलंस मला." आणि तस्लीमला म्हणाला, "दुपारी लिवतो, संध्याकाळी ये न्यायला."

दुपारी भाकरी आणि वांगं खाल्लं. म्हणाला छातीत जड वाटतंय, वांग्याचा गॅस असंल. मी ओव्याचं पाणी केलं. ते घेऊन आले तर आडवा झालेला, घामानं सदरा भिजलेला. रिक्षा दवाखान्याच्या दारात पोचली तेव्हा संपलं होतं. चार वाजले होते. संध्याकाळी तस्लीम पाटी न्यायला आली, आणि दारात चपलांचा ढीग बघून तिथंच बसली.

पाटी तशीच राहिली. फुलीपुढं मोकळी जागा.

पाचव्या दिवशी मुळीक मॅडम आल्या. बाई चांगल्या, डिगासाठी लई रडल्या. मग म्हणाल्या, प्रदर्शन हा रविवार सोडून पुढच्या रविवारी हाय, मामांनी एवढं केलं तर मॉडेल मांडू या, पाटीवर "वाकतो"च राहू द्या, सगळेच तसं म्हणतात आणि फॉर्मवरबी तेच हाय. तस्लीमबी त्यांच्यासंगं आलेली. मला सुतक, मी कोपऱ्यात. पण मी म्हटलं, "मॅडम, फुली मारलेली हाय. डिगानं मारलेली फुली मी बघितलीय. ते पुसून वर तेच लिवलं तर माझा भाऊ खोटं लिवून गेला असं होईल."

मॅडम म्हणाल्या, मग काय लिहायचं ते सांगा. आणि मला काय ठावं?

त्या गेल्यावर तस्लीम पुस्तक घेऊन माझ्यापुढं बसली. वाचायला लागली. प्रकाश घन माध्यमातून विरल माध्यमात जाताना आपतन कोन क्रांतिक कोनापेक्षा मोठा असेल तर. मी म्हटलं, थांब बाई. डिगा असता तर आतापर्यंत त्यानं तीन फुल्या मारल्या असत्या. बोटानं दाखव.

तिनं ताटात पीठ पसरून बोटानं दोन वाकड्या रेघा ओढल्या. ही धार, म्हणाली. उजेड आत शिरतो, सरळ जातो, ह्या कडेला तिरका आपटतो. लई तिरका आपटला तर पाण्यातनं हवेत निघताच येत न्हाई, माघारी आत उसळतो. परत सरळ, परत पलीकडच्या कडेला. असं करत खाली. तिरका न आपटता समोरून आपटला तर मात्र बाहेर निसटतो.

मी ताटाकडं बघत बसले. आणि मला चंद्री आठवली.

चंद्री आमची म्हैस, आम्ही ल्हान असतानाची. पाणंदीतनं तिला पाण्याला न्यायचो, दोन्हीकडं कुपाटी, म्हंजे काट्यांचं कुंपण. चंद्रीला वळायचं माहीतच न्हवतं. नाकासमोर चालायची. पाणंद वळली की कुपाटीला तिरकी घासायची, काटे टोचले की तोंड आत, परत नाकासमोर, परत दुसरी कुपाटी. अशी आपटत आपटत तळ्यावर. कधी वळली न्हाई, पण पाणंदीबरोबर पोचायची. फक्त पाटलाच्या मळ्यापाशी पाणंद एकदम काटकोनात होती, तिथं ती कुपाटीला समोरूनच भिडायची आणि आरपार मक्यात. पाटील शिव्या द्यायचा आणि डिगा त्याला सांगायचा, "वळण तुमचं चुकलंय, म्हशीचं न्हाई."

मी हे सांगितलं आणि तस्लीम रडायला लागली. मग हसायला. मग म्हणाली, "अक्का, धार गळायला लागली की उजेड निसटतो तो ह्याच्यामुळंच. धार एकदम वाकली की समोरून आपटतो. मक्यात." आणि वही काढली.

मॅडमना म्हैस पसंत न्हवती. विज्ञानाच्या फलकावर म्हैस कशी, म्हणाल्या. तस्लीमनं त्यांना न्हाणीत नेलं, धार सोडली आणि पाटी वाचायला दिली. मॅडम बराच वेळ बाहेर आल्या न्हाईत. आल्या तेव्हा म्हणाल्या, पुस्तकातलं वाक्य वर राहू दे, म्हैस खाली. नाव बदलता येणार न्हाई, पण नावाखाली उत्तर लिहिता येईल.

दहावा झाला. पंधराव्या दिवशी प्रदर्शन, तालुक्याच्या शाळेत. तस्लीमनं काळ्या कापडाचं खोकं केलं होतं, न्हाणीएवढा अंधार आत. बाहेर पाटी. ती अशी:

"प्रकाश पाण्याबरोबर वाकतो. खरंच वाकतो का? न्हाई. पाण्यातून हवेत निघताना प्रकाश फार तिरका आपटला तर बाहेर पडू शकत न्हाई, पूर्ण आत परततो. पुस्तकात ह्याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. पाणंदीतली म्हैस वळत न्हाई, दोन्ही कुपाटींना तिरकी घासत नाकासमोर चालते, तरी पाणंदीबरोबर पोचते. तसंच. कुठं अडतं: धार तुटली किंवा एकदम वाकली की प्रकाश निसटतो. उपयोग: फोन आणि इंटरनेटच्या काचेच्या तारा. लेझर डोळ्यात मारू नये."

"कुठं अडतं" ही ओळ डिगाच्या सगळ्या पाट्यांवर असायची. न्हाईतर मॉडेल बढाई मारतंय, म्हणायचा.

परीक्षक दोघं आले. दीड मिनिट थांबले, कोंबड्यांची बाटली बघितली, एकानं काहीतरी लिहिलं, गेले. निकाल संध्याकाळी लागणार होता, पण मला शेवटची एस.टी. गाठायची होती.

निघायच्या आधी बघते तर तिथल्या शाळेची खिचडी करणारी बाई ताटं गोळा करत तिथं थांबलेली. माझ्याच वयाची. ताटं काखेत धरून तिनं पाटीवर बोट ठेवलं. एक एक शब्द वाचत खाली गेली, एकदाबी अडखळली न्हाई. मग खोक्यात हात घातला, तळवा धारेखाली धरला, आणि लाल ठिपक्याकडं बघत तस्लीमला म्हणाली, "आमची म्हैसबी अश्शीच हुती बघ."

आणि हात पदराला पुसून ताटं घेऊन गेली.